तारीख १ मार्च, १ फेब्रुवारी नव्हे

सांवेर रोडवरच्या त्या पंपांच्या कारखान्यात पांडुरंग बागलांना नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. मालकापासून गेटवरच्या चौकीदारापर्यंत सगळ्यांचे ते ‘दादाजी’. माल रवाना करायच्या खात्यात त्यांचं आयुष्य गेलं. निवृत्तीचं वय उलटलं, तरी मालकानं त्यांना सोडलं नाही, कारण माल कुठल्या गावी, कुठल्या गाडीनं, कुणाच्या नावावर चाललाय हे कळवणाऱ्या त्यांच्या मेलवर डोळे मिटून भरवसा ठेवता येत असे.

म्हणजे त्यांच्या हातून चूक होत नसे असं अजिबात नाही. व्हायची की! ऐन वेळी गाडी बिघडायची, दुसरी यायची, आणि मेलमध्ये जुन्याच गाडीचा नंबर गेलेला असायचा. मग तिकडच्या गेटवर ड्रायव्हरला अडवून धरायचे आणि इकडे फोन खणखणायचे. तरुण पोरं अशा वेळी अर्धं पान माफी लिहीत बसायची. दादाजी जुनीच मेल उघडत आणि तिलाच उत्तर म्हणून तीन ओळी खरडत. विषयाच्या जागी आधी ‘दुरुस्ती’ हा शब्द, मग बरोबर नंबर. आत पुन्हा बरोबर काय, चुकीचं काय गेलं होतं, बाकी काय जसंच्या तसं आहे. आणि ज्या ज्या माणसाला चूक गेली, त्या प्रत्येकाला दुरुस्ती. एकही सुटता कामा नये.

त्यांच्या हाताखालचा शाम एकदा म्हणाला होता, “दादाजी, एक सॉरी तो डाल दो. कोरडं वाटतं यार.”

“टाक की. पण शेवटी टाक,” दादाजी म्हणाले. “ड्रायव्हर गेटवर उभा आहे भिया. त्याला तुझ्या सॉरीचं काय करायचंय? त्याला नंबर पाहिजे.”

असा हा माणूस. आणि ह्याच माणसानं घरच्या एका मेलमध्ये घोळ घातला, आणि निस्तरताना अक्कल अशी गहाण टाकली की सांगता सोय नाही.

घर लालबागच्या अंगाला, दोन मजल्यांचं. बागलांचे पूर्वज होळकरांच्या पागेत होते. आता पागा नाही आणि घोडेही नाहीत, दारात एक स्कूटर आहे. पांडुरंगची आई गंगूबाई जुन्या मध्यभारत राज्याच्या दिवसांत, इंदूर अजून निम्मी राजधानी असताना, साताऱ्याकडून लग्न होऊन इथं आली. सत्तर वर्षं इंदुरात काढून तिनं भाजीवाल्याशी माळवीत भांडण्यापर्यंत मजल मारली, पण दोन गोष्टी सोडल्या नाहीत. एक तिचा कांदा-लसूण मसाला, आणि दुसरं तिचं मराठी कॅलेंडर. दर वर्षी दिवाळीनंतर पुण्याकडून येणाऱ्या कुणाच्या तरी पिशवीतून ते यायचं आणि स्वयंपाकघराच्या दाराशेजारच्या खिळ्यावर बसायचं. घरातली एकादशी, चतुर्थी, कुणाची तिथी, सगळं आई त्यातून बघायची. दुसऱ्या कुणाला त्यात डोकं घालायची गरजच पडली नव्हती.

गेल्या वर्षी, फेब्रुवारीच्या अकरा तारखेला, गंगूबाई गेली. चहा मागितला आणि तो यायच्या आत गेली.

पांडुरंगची धाकटी बहीण प्रेमलता कॅनडात कॅलगरीला असते. एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची देखभाल करते. परक्यांच्या आयांना रोज न्हाऊ-माखू घालणाऱ्या ह्या मुलीला स्वतःच्या आईचं शेवटचं तोंड काही दिसलं नाही. बातमी कळताच निघाली, पण बर्फानं विमानं अडकली आणि ती जर्मनीतल्या विमानतळावर बसून राहिली. पोचली तेव्हा अस्थीसुद्धा नर्मदेत गेल्या होत्या. चार दिवस राहिली, कुणाशी धड बोलली नाही, आणि परत गेल्यावर तिनं सगळ्या भावकीला एक मेल पाठवली. पांडुरंगला ती पाठ झाली होती, विसरायचं म्हटलं तरी. ‘आईसाठी मी निघाले होते हे सगळ्यांना माहीत होतं. तरीही माझ्यासाठी कुणी थांबलं नाही.’

पांडुरंगनं त्याला उत्तर दिलं नाही. त्याची बायको अरुंधती चिडली होती. “अहो, लिहा ना तिला खरं काय ते. तुम्ही अप्पासाहेबकाकांशी भांडलात, रात्रभर बर्फावर ठेवलं आईंना, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत कुणाला हात लावू दिला नाहीत, हे कोण सांगणार तिला?”

“तिला दुःख झालंय,” पांडुरंग म्हणाला. “आत्ता हिशेब मांडत बसू का मी?”

ते तसंच राहिलं. वर्षभर बहीणभावाचं बोलणं म्हणजे कसा आहेस, बरा आहे, थंडी किती आहे, खूप आहे. बस.

आणि मग डिसेंबरात एक दिवस तिचाच फोन आला. “दादा, आईच्या वर्षश्राद्धाला मी येणार आहे. काही झालं तरी येणार. मला तारीख लिहून पाठव, मेलनं. इथं रजा आधी मागावी लागते, आणि एकदा दिली की बदलून द्यायला फार कटकट करतात.”

पांडुरंगच्या छातीवरचं काहीतरी जरा हललं. त्यानं फोन ठेवला आणि हातासरशी कामाला लागला. गुरुजींनी गेल्या वर्षी तिथी लिहून दिली होती, माघ वद्य षष्ठी. तो कॅलेंडर बघायला स्वयंपाकघराच्या दाराशी गेला. खिळा रिकामा होता. पुण्याहून ह्या वर्षी कॅलेंडर आलं नव्हतं, कारण ‘आणा बरं का’ असं सांगणारी बाईच उरली नव्हती. बाहेरच्या खोलीत मात्र किराणावाल्यानं दिलेलं नव्या वर्षाचं पंचांगाचं कॅलेंडर लटकत होतं, वर गणपती आणि खाली चहाची जाहिरात. त्यात सापडलं, माघ कृष्ण षष्ठी, एक फेब्रुवारी. गेल्या वेळी अकरा, ह्या वेळी एक. तिथी दर वर्षी दहा-अकरा दिवस मागं सरकते एवढं त्याला माहीत होतं, तेव्हा हिशेब चोख बसला. आपल्याला हे इतकं झटकन जमलं ह्याचं त्याला बरंही वाटलं.

त्यानं मेल लिहिली, प्रेमलताला आणि भावकीतल्या सगळ्यांना. आईचं वर्षश्राद्ध १ फेब्रुवारी, घरीच, सकाळी दहापासून. पाठवून टाकली.

जानेवारीत संक्रांत झाल्यावर तो दिवाकर गुरुजींना आमंत्रण द्यायला राजेंद्रनगरला गेला. गुरुजींनी डायरी काढली, चष्मा चढवला आणि एक फेब्रुवारीवर बोट ठेवून थांबले.

“पांडुरंगराव, ही तारीख कुणी काढली?”

“मीच. का?”

“कशात बघून?”

“घरच्या कॅलेंडरात. किराणावाल्याच्या.”

गुरुजींनी कपाळाला हात लावला. “अहो, ते इकडचं पंचांग. इकडे महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. त्यांचा माघ कृष्ण म्हणजे आपला पौष वद्य! शुद्ध पक्षात दोघांचं जुळतं, वद्यात महिन्याचं नाव पुढं-मागं होतं. तुमच्या आईची षष्ठी अजून महिनाभर पुढं आहे. मार्चच्या एक तारखेला.”

“पण गेल्या वर्षी तर अकरा फेब्रुवारी होती. मार्च कसा येईल?”

“मध्ये अधिक श्रावण नाही का आला? ह्या वेळचं वर्ष तेरा महिन्यांचं.” गुरुजी जरा नरमले. “कळलं ते बरं झालं. अजून वेळ आहे. कळवून टाका सगळ्यांना.”

कळवून टाका! गुरुजींचं काय जातं म्हणायला. पांडुरंग स्कूटरपाशी आला आणि किल्ली हातात धरून नुसता उभा राहिला. प्रेमाला फेब्रुवारीची रजा मिळाली होती. परवाच तिनं कळवलं होतं, रजा मंजूर, आता तिकीट बघते. वर्षानं ती पहिल्यांदा आपणहून दोन वाक्यं बोलली होती, आणि आता तिला सांगायचं की बाई, तारीखच चुकली? ती काय म्हणेल ते त्याला ऐकू येत होतं. पहिल्यांदा थांबला नाहीत, आता दिवसही भलताच सांगितलात. मला यायला मिळूच नये असं आहे का तुमच्या मनात? आणि रजा बदलून मिळाली नाही तर? श्राद्ध काही वाढदिवस नव्हे, की सोयीचा रविवार बघून उरकावं. तिथी म्हणजे तिथी. ती फेब्रुवारीत येऊन निघून जाणार आणि आईच्या श्राद्धाला पुन्हा नसणार. आणि ह्या वेळी बर्फाला दोष देता येणार नव्हता.

घरी येऊन तो अरुंधतीशी काही बोलला नाही. सरळ कॉम्प्युटरपुढे बसला आणि लिहीत सुटला.

काय काय लिहिलं त्यानं! आई गेल्यापासून घर कसं रिकामं वाटतं. ती लहानपणी प्रेमाला लालबागच्या जत्रेत घेऊन जायची आणि भिंगरीसाठी हटून बसलेल्या प्रेमाला कडेवर घेऊन परत यायची. दर दिवाळीनंतर ती कॅलेंडरची कशी वाट बघायची, आणि आता तो खिळा बघवत नाही. मग पंचांगाचे दोन प्रकार, मग अधिक महिना, मग मी किती मूर्ख, मला क्षमा कर, तू रागावशील, रागावलीस तरी तुझं चूक नाही. ह्या सगळ्याच्या पोटात, शेवटून दुसऱ्या परिच्छेदात, एक वाक्य होतं. ‘त्यामुळे फेब्रुवारीच्या एक तारखेऐवजी मार्चची एक तारीख धरावी लागेल असं गुरुजींचं म्हणणं पडलं.’ विषयाच्या जागी त्यानं लिहिलं, ‘थोडं मनातलं’. आणि पाठवली ती एकट्या प्रेमलताला. भावकीला सावकाश सांगू म्हणाला.

दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं. ‘दादा, वाचताना रडू आलं. ती भिंगरी माझ्या लक्षात आहे. किती दिवसांनी तू असं लिहिलंस. मी मुळीच रागावले नाही. भेटू लवकरच.’

पांडुरंगनं ते तीनदा वाचलं. रागावली नाही! त्यानं मोठ्यानं ‘हुश्श’ केलं आणि अरुंधतीला बोलावून सगळी हकीकत सांगितली, तारीख चुकल्यापासून बहीण न रागावल्यापर्यंत. अरुंधतीनं त्याची लांबलचक मेल वाचली, मग प्रेमलताचं उत्तर वाचलं आणि विचारलं, “रजा बदलली का तिनं?”

“बदलेल ना. वाचलंय तिनं सगळं.”

“तसं कुठं लिहिलंय ह्यात?”

“अगं, रागावले नाही म्हणते, म्हणजे कळलंच ना तिला!”

अरुंधती उठून स्वयंपाकघरात गेली. पण पांडुरंगच्या मनात एक बारीकसं कुसळ टोचायला लागलं, ते लागलंच. जेवताना टोचलं, ऑफिसात टोचलं. विचारावं का? विचारलं तर तिला वाटेल, आपल्यावर भरवसा नाही. आता कुठं ती मऊ झालीय. त्यानं विचारलं नाही.

दोन दिवसांनी संध्याकाळी तो कारखान्यातून घरी आला, हातपाय धुतले आणि फोन बघितला. तिकडे तेव्हा सकाळ उजाडत असते. प्रेमलताची नवी मेल होती. ‘दादा, ड्यूटीवर निघाले. स्वस्तातलं तिकीट सापडलंय, पण एकदा काढलं की परत नाही आणि बदल नाही. संध्याकाळी घरी आले की काढून टाकते. २९ जानेवारीला इंदूरला पोचेन. श्राद्धाच्या आधी दोन दिवस हातात राहतात.’

पांडुरंगनं मेल पुन्हा वाचली. तो मोरीच्या उंबऱ्यावर बसला.

“काय झालं हो?” अरुंधती धावत आली. त्यानं फोन तिच्या हातात दिला.

“नाही वाचलं तिनं,” ती म्हणाली. “फोन लावा आधी.”

फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. अरुंधतीला एकदम आठवलं. “ड्यूटीवर फोन कपाटात ठेवावा लागतो ना तिला? जेवणाच्या सुट्टीत तेवढा बघते.”

पांडुरंग कॉम्प्युटरपुढे जाऊन बसला आणि बोटं चालायला लागली. अरुंधतीनं मागून वाकून वाचलं. ‘प्रिय प्रेमा, तुला कसं सांगू कळत नाही. परवाच्या पत्रात मी लिहिलं होतं, पण कदाचित माझ्याच लिहिण्यात...’

“थांबा.” तिनं त्याचा हातच धरला. “ऑफिसात पुण्याचा माल नागपूरला निघाला, तर असं लिहिता तुम्ही?”

“ही माझी बहीण आहे, पंप नाही!”

“म्हणूनच तर! जेवायच्या सुट्टीत ती फोन उघडणार, तेव्हा तिच्यापाशी किती वेळ असेल? तुमची माफी ती आल्यावर समोर बसून ऐकेल. आधी तिला येऊ तर द्या!”

पांडुरंगनं तिच्याकडे बघितलं. शामला आपण हेच शिकवत आलो, आणि आपल्याच घरची वेळ आली तेव्हा सगळं विसरलो. त्याला स्वतःचा असा राग आला की कानाच्या पाळ्या तापल्या. लिहिलेलं सगळं त्यानं पुसून टाकलं.

मग त्यानं डिसेंबरातली पहिली मेल शोधून काढली, ज्यात चूक होती ती. तिलाच उत्तर द्यायला घेतलं, भावकीतल्या सगळ्यांना. आता बोटांना वाट माहीत होती. विषयाची जुनी ओळ पुसून लिहिलं, ‘दुरुस्ती: वर्षश्राद्ध १ मार्चला, १ फेब्रुवारीला नव्हे’. आणि आत,

‘सर्वांना,
आईचं वर्षश्राद्ध शुक्रवार, १ मार्च रोजी आहे.
माझ्या आधीच्या मेलमध्ये १ फेब्रुवारी लिहिलं होतं, ते चूक. तिथी बघताना माझी चूक झाली.
जागा आणि वेळ तीच, घरी, सकाळी दहा.
प्रेमा, फेब्रुवारीचं तिकीट काढू नकोस.
मिळाल्याचं प्रत्येकानं कळवा. तसदीबद्दल क्षमस्व.
पांडुरंग’

तारीख त्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरावर ताडून बघितली, एक मार्चला शुक्रवारच आहे ना म्हणून. मग नावं बघितली, कुणी सुटलं नाही ना. पाठवलं.

त्यानंतरचा वेळ कसा गेला ते विचारू नका. जेवण गेलं नाही. भावकीतली उत्तरं यायला लागली. मानपुरातल्या अप्पासाहेबकाकांचा मुलगा संताजी ह्यानं लिहिलं, ‘मिळाली. बाबांना सांगतो.’ पुण्याच्या चुलतभावानं विचारलं, ‘नक्की ना आता?’ पांडुरंगनं एकच शब्द पाठवला, ‘नक्की.’ फोन वाजला की तो दचकायचा, आणि ज्या नावाची वाट बघत होता ते सोडून बाकी सगळी नावं यायची. शेवटी अरुंधतीनं फोन काढून घेतला आणि डब्यांच्या मागं ठेवला.

सकाळी डोळा उघडला तो तसाच उठून डब्यांकडे गेला. मेल आली होती.

‘१ मार्च. कळलं. तिकीट काढलेलं नाही. जेवायला बसले आणि फोन उघडला तर वरच ओळ दिसली, मेल उघडायचीही गरज पडली नाही. रजेचं बघते. सोपं नाही.’

त्यानं वाचून दाखवलं. अरुंधतीनं देवापुढं साखर ठेवली. पण ‘सोपं नाही’ हे दोन शब्द पांडुरंगच्या मागंच लागले. तिकीट वाचलं, पण माणूस? पुढचे दिवस तो ऑफिसात गाड्यांचे नंबर दोनदा-दोनदा वाचत राहिला. शामनं विचारलं, “दादाजी, तबीयत तो ठीक आहे ना?” तेव्हा तो वसकन अंगावर आला. नंतर स्वतःच जाऊन त्याच्यासाठी पोहे-जलेबी घेऊन आला.

आणि प्रेमलतानं कळवलं, तीही आता दोन ओळींत लिहीत होती. ‘बरोबरच्या एका बाईनं तिची मार्चची सुट्टी मला दिली, मी तिची ईस्टरची ड्यूटी करणार. २८ फेब्रुवारीला पोचते, ३ मार्चला निघते.’

आली. विमानतळावर तिनं भावाकडे बघितलं, भावानं बॅग घेतली, आणि दोघंही थंडीबद्दल बोलले. तेरा महिन्यांची सवय एका मिनिटात थोडीच जाते.

श्राद्धाच्या दिवशी दिवाकर गुरुजी वेळेवर आले. पांडुरंग पाटावर बसला. प्रेमलता अरुंधतीबरोबर स्वयंपाकाला लागली, आणि आईच्या आवडीची गव्हल्यांची खीर तिनं कुणाला हात न लावू देता एकटीनं केली. कावळा शिवला. पानं वाढली. अप्पासाहेबकाका, वय वर्षं ब्याऐंशी, मानपूरहून संताजीच्या गाडीनं आले होते. जेवून हात धुतल्यावर ते ऐसपैस बसले आणि त्यांची नजर प्रेमलतावर गेली.

“आलीस ना ह्या वेळी? बरं केलंस पोरी. नाही तर ह्या पांड्यानं आज पण आम्हाला ताटकळत ठेवलं असतं.”

“म्हणजे?” प्रेमलता म्हणाली.

“म्हणजे काय? मागच्या वेळी हा ऐकेचना ना कुणाचं! मी म्हटलं, मातीला फार वेळ ठेवू नये, ते बरं नाही. तर मला म्हणतो, काका, तुम्ही मोठे आहात, पण माझी बहीण येतेय. मेरेसे लड़ पड़ा, सच्ची! रात्रभर बर्फाच्या लाद्या आणत होता. दुसऱ्या दिवशी तुझं विमान रद्द झाल्याचं कळलं, तरी संध्याकाळपर्यंत दाराशी बसून. शेवटी मीच त्याला हाताला धरून उठवला.” म्हातारा थांबला. “तुला माहीत नाही?”

पांडुरंग उठून मागच्या अंगणात गेला आणि उगीचच नळ सुरू करून बादली भरत बसला. प्रेमलता त्याच्यामागं गेली नाही. ती स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होती, जिथं अरुंधतीनं मुद्दाम मागवलेलं मराठी कॅलेंडर आता आईच्या खिळ्यावर होतं, आणि त्याच्याकडे बघत ती पदरानं पुन्हा पुन्हा डोळे पुसत होती.

तीन तारखेला ती गेली. जाताना भावाच्या पाया पडली, पण बोलली काही नाही. पांडुरंगला वाटलं, राहू दे. आली, आईच्या श्राद्धाला घरात होती, एवढं पुष्कळ झालं.

आठवड्यानं दुपारी तो ऑफिसात गाड्या लावत होता. फोनवर मेल आली. प्रेमलतानं तिच्या त्याच जुन्या मेलला, वर्षापूर्वीच्या, उत्तर म्हणून पाठवलेली. वर नावं बघितली. अप्पासाहेबकाकांसाठी संताजी, पुण्याचा चुलतभाऊ, सगळी भावकी. एकही सुटलं नव्हतं.

विषय होता, ‘दुरुस्ती: आईच्या वेळी दादा माझ्यासाठी थांबला होता’.

‘सर्वांना,
आई गेली तेव्हा दादा माझ्यासाठी थांबला होता, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत.
गेल्या वर्षी मी ‘माझ्यासाठी कुणी थांबलं नाही’ असं लिहिलं होतं, ते चूक.
मिळाल्याचं प्रत्येकानं कळवा.
दादा, क्षमस्व.
प्रेमलता’

पांडुरंगनं चष्मा काढला. पलीकडून शाम म्हणाला, “दादाजी, नागपूरवाली गाडी का नंबर बोलो, ड्रायव्हर उभा आहे.” त्यानं हातानंच थांब म्हटलं. उत्तर लिहायला घेतलं, चार ओळी लिहिल्या आणि पुसल्या. मग एकच शब्द लिहिला आणि सगळ्यांना पाठवला.

‘मिळाली.’